एसी तंत्रज्ञाची ओळख करून देणारी कॅप्शन कशी लिहावी

एसी दुरुस्ती आणि बसवणीचे काम करणाऱ्या एखाद्या लहान कंपनीचे समाजमाध्यमांवरील पान सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नव्याने येते, त्यांना पहिल्या महिनाभरात मालकांकडून हमखास एक सूचना मिळते: "आपल्या टेक्निशियनपैकी कोणाचा तरी फोटो टाका आणि खाली चार ओळी लिहा." त्या चार ओळी लिहायला बसले की 'मेहनती', 'हसतमुख', 'ग्राहकांचे लाडके' असे शब्द आपोआप उतरतात आणि बँकेतील रोखपालाला किंवा शाळेतील ग्रंथपालालाही तितकाच लागू पडेल असा मजकूर तयार होतो. माझी पहिली कॅप्शन अशीच होती. ज्यांच्यावर ती लिहिली होती, त्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना आमच्या कार्यालयात सगळेजण 'मामा' म्हणतात. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, "यात माझं काम कुठं आहे?"

त्या प्रश्नानंतर मी एक पूर्ण दिवस त्यांच्यासोबत घालवला आणि कॅप्शन पुन्हा लिहिली. ती कशी तयार झाली, हे येथे क्रमाने सांगते. उदाहरण एसीचे असले, तरी सुरुवात कोठून करावी हे त्यावरून कळेल.

दिवस ठरवणे आणि संमती घेणे

पुण्यात मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत एसी तंत्रज्ञाला जेवायलाही वेळ नसतो. या काळात त्यांच्यासोबत फिरायचे असेल, तर आठवड्याच्या मधला एखादा दिवस निवडावा आणि त्या दिवशीच्या कॉलची यादी आदल्या संध्याकाळी सेवा व्यवस्थापकांकडून घ्यावी. अनेक कंपन्यांत तंत्रज्ञाला पगाराशिवाय प्रत्येक पूर्ण कॉलमागे काही रक्कम मिळते. आपण फोटोसाठी किंवा प्रश्नांसाठी त्यांना थांबवले आणि एक कॉल कमी झाला, तर ते नुकसान त्यांच्या खिशातून जाते. त्या दिवशी एक कॉल कमी द्यावा आणि त्याची रक्कम मात्र धरावी, असे व्यवस्थापकांशी आधीच ठरवून घ्यावे. ही गोष्ट तंत्रज्ञाला अगोदर कळली, की ते दिवसभर मोकळेपणाने बोलतात.

संमतीचा प्रश्न मालकांसमोर कधीही विचारू नये. मालक शेजारी उभे असताना "तुमचा फोटो टाकला तर चालेल ना?" असे विचारल्यावर नाही म्हणणे कोणालाही जड जाते. 'डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३' या कायद्यानुसार संमती मुक्तपणे दिलेली, नेमक्या कारणासाठी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली असावी लागते, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. आमच्याकडे यासाठी एका पानाचा साधा मराठी अर्ज आहे. त्यात चेहरा दिसणारा फोटो, पूर्ण नाव, कामाची वर्षे आणि गाव किंवा कुटुंबाचा उल्लेख यांपुढे वेगवेगळे चौकोन आहेत, म्हणजे एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार देता येतो. नोकरी सोडल्यास पोस्ट काढून टाकली जाईल, हे वाक्यही त्यातच लिहिलेले आहे. मामांनी चेहऱ्याला आणि कामाच्या वर्षांना होकार दिला, पूर्ण नावाला नकार दिला. त्यामुळे कॅप्शनमध्ये ते 'मामा' म्हणूनच आले, आणि त्याने काहीही बिघडले नाही.

ज्यांना चेहराही नको असेल, त्यांच्या हातांचा फोटो घेता येतो. एसीच्या कामात हातांना पाहण्यासारखे पुष्कळ असते.

सोबत जाताना काय टिपावे

मुलाखत घेऊन कॅप्शन लिहिता येते असे प्रथम वाटते, पण तंत्रज्ञाला समोर बसवून "तुमच्या कामाबद्दल काही सांगा" असे म्हटले, तर ते "काय सांगायचं, रोजचंच आहे" इतकेच सांगतात. वीस-वीस वर्षे केलेले काम हाताला इतके सवयीचे झालेले असते, की त्यात सांगण्यासारखे काही आहे हे त्यांना जाणवत नाही. म्हणून काम चालू असताना पाहावे आणि ते जे करतील त्याविषयीच विचारावे. "हे आत्ता का केलंत?" हा एवढा एकच प्रश्न मला दिवसभर पुरला. मात्र ड्रिल चालू असताना, शिडीवर असताना किंवा कपॅसिटरला हात लावायच्या आधी तो विचारू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठलेला असू शकतो. तो आधी उतरवावा लागतो, आणि त्या क्षणी त्यांचे लक्ष आपल्याकडे वळणे धोक्याचे असते.

आमचा तो दिवस असा गेला. पहिल्या घरी इनडोअर युनिटमधून भिंतीवर पाणी गळत होते. बाष्पीभवन कॉइलवर हवेतील ओल साचून जे पाणी तयार होते, ते खालच्या तबकात पडून ड्रेन पाइपने बाहेर जायला हवे. पाइपात धूळ आणि शेवाळासारखा चिकट गाळ साठला, की ते तबकातून सांडते. मामांनी पाइप मोकळा केला आणि त्यानंतर एक मगभर पाणी हळूहळू तबकात ओतून, ते शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर जाते का हे पाहत उभे राहिले. दुसरा कॉल नेहमीच्या जेट पंपाच्या धुलाईचा होता. तिसरा कॉल गळतीचा होता आणि त्याला जवळजवळ तीन तास लागले. चौथ्या घरी पोहोचल्यावर कळले, की घरमालक बाहेरगावी गेले आहेत आणि कळवायचे राहून गेले. मामांनी जिन्यातूनच कार्यालयाला फोन केला आणि यंत्राची पेटी पुन्हा खाली उतरवली.

दिवसाच्या शेवटी माझ्या वहीत सहा पाने भरली होती. त्यांतील बहुतेक नोंदी कॅप्शनमध्ये येणार नव्हत्या, पण नेमके काय निवडावे हे त्या सगळ्या नोंदी समोर असल्यामुळेच ठरवता आले. नोंद घेताना 'काळजीपूर्वक काम करतात' असे मत लिहू नये, तर 'मगभर पाणी ओतून शेवटपर्यंत पाहिले' अशी कृती लिहावी. तंत्रज्ञाच्या तोंडचे वाक्य असेल, तर ते जसेच्या तसे, त्यांच्या बोलीत टिपावे. संध्याकाळी आठवून लिहिलेले वाक्य नकळत आपल्या भाषेचे होते, आणि ते वाचताना त्यांच्या सहकाऱ्यांना लगेच ओळखू येते.

कोणता क्षण निवडावा

कॅप्शनमध्ये पूर्ण दिवस बसत नाही. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंतचे सगळे सांगायला गेले, की वाचणाऱ्याच्या मनात वेळापत्रक राहते, माणूस राहत नाही. म्हणून एकच क्षण घ्यावा. तो निवडताना मी स्वतःला असे विचारले: ग्राहकाच्या डोळ्यांसमोर घडते, पण ग्राहकाला ज्याचा अर्थ कळत नाही, असे या दिवसात काय होते?

उत्तर तिसऱ्या घरात होते. त्या घरच्या ताईंनी दार उघडतानाच सांगितले, "गॅस भरून द्या, मागच्या उन्हाळ्यातही भरला होता." एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता पुन्हा गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच तक्रार येते. मामांनी आउटडोअर युनिटजवळ नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटावर बोट फिरवले आणि बोटाला लागलेले तेल मला दाखवले. गॅससोबत कॉम्प्रेसरचे थोडे तेलही नळ्यांमधून फिरते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा डाग पडतो. साबणाचे पाणी लावल्यावर त्याच जोडावर बुडबुडे आले. त्यांनी उरलेला गॅस काढून घेतला, नळीचे टोक कापून ते पुन्हा पसरवले, म्हणजे नवा फ्लेअर केला, नायट्रोजन भरून जोड पुन्हा तपासला आणि मग व्हॅक्यूम पंप लावला.

पंप सुरू झाला आणि मामा बाजूला स्टुलावर बसले. पंप अर्धा तास चालला. त्या अर्ध्या तासात घरातून दोनदा विचारणा झाली, "झालं का?" पाहणाऱ्याला तो रिकामा बसलेला माणूस दिसत होता, प्रत्यक्षात नळ्या उघडल्यावर आत गेलेली हवा आणि ओल बाहेर ओढली जात होती. हवा आत राहिली तर दाब वाढतो आणि थंडावा घटतो. ओल राहिली तर ती तेल आणि गॅस यांच्याशी मिळून आम्ल तयार करते, आणि ते कॉम्प्रेसरला आतून खाते. पंप थांबवण्याआधी त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि आणखी दहा मिनिटे दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे पाहत राहिले. काटा मागे सरकला असता, तर गळती अजून शिल्लक आहे असा त्याचा अर्थ झाला असता. तो हलला नाही. त्यानंतर युनिटच्या पाटीवर लिहिलेले वजन पाहून त्यांनी वजनकाट्यावर तोलून गॅस सोडला.

कॅप्शनसाठी मी तो बसलेला अर्धा तास निवडला. तेलाचा डाग शोधण्याचा क्षण अधिक नाट्यमय होता, पण तो समजावून सांगायला जास्त जागा लागली असती. शिवाय त्यातून 'आधी कोणीतरी नट चुकीचा आवळला होता' असा अर्थ निघाला असता. आपल्या माणसाची ओळख करून देताना दुसऱ्या कारागिराच्या चुकीचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही मागच्या वर्षीचे ते काम आपल्याच कंपनीच्या कोणी केले होते का, हे अनेकदा आपल्याला माहीत नसते.

मसुदा आणि त्याची दुरुस्ती

सोबत जाण्याआधी लिहिलेला माझा पहिला मसुदा असा होता:

"भेटा आमच्या सुपरहिरोंना! ऊन असो वा पाऊस, मामा नेहमी हसतमुखाने तुमच्या सेवेसाठी सज्ज असतात. चौदा वर्षांच्या दांडग्या अनुभवाच्या जोरावर ते कोणताही एसी चुटकीसरशी दुरुस्त करतात. अशा कष्टाळू कर्मचाऱ्याचा आम्हाला अभिमान आहे!"

यातील 'भेटा आमच्या' हे मराठीत कोणी बोलत नाही. ओळख करून देताना आपण 'हे आमचे मामा' म्हणतो. 'सुपरहिरो' म्हटल्याने माणूस मोठा होत नाही, उलट त्याचे खरे कौशल्य दिसेनासे होते. परंतु या मसुद्यातील सर्वांत घातक शब्द 'चुटकीसरशी' हा आहे. जो माणूस अर्धा तास पंपाजवळ थांबतो, त्याच्याविषयी आपण चुटकीसरशी दुरुस्तीचे आश्वासन दिले, तर पुढच्या घरी ग्राहक घड्याळ दाखवून त्यालाच घाई करणार. कौतुकाच्या शब्दाने तंत्रज्ञाचे काम अवघड होऊ शकते, हे मला मामांनीच दाखवून दिले.

दिवस पाहून आल्यानंतरचा दुसरा मसुदा उलट दिशेने चुकला. नुकतीच मिळालेली सगळी माहिती मी त्यात घातली होती: आर-३२ गॅस, ५०० मायक्रॉन, फ्लेअर, नायट्रोजनचा दाब. वाचणाऱ्याला त्यातून तंत्र कळले नसते आणि मामाही दिसले नसते. एका कॅप्शनमध्ये समजावून सांगावी लागेल अशी एकच तांत्रिक गोष्ट असावी, आणि तीही घरातील कोणालाही कळेल अशा शब्दांत असावी. 'व्हॅक्यूम' हा शब्द न वापरता 'हवा आणि ओल बाहेर ओढली जाते' असे लिहिले, तर अर्थ पूर्ण पोहोचतो.

शेवटी प्रसिद्ध झालेली कॅप्शन अशी होती:

"पंप चालू करून मामा बाजूला बसतात. बहुतेक घरांतून नेमकी तेव्हाच विचारणा होते, 'झालं का काम?'

काम चालूच असते. दुरुस्तीसाठी उघडलेल्या एसीच्या नळ्यांमध्ये हवा आणि ओल शिरते; ती त्या वेळी बाहेर ओढली जात असते. ती आत राहिली, तर थंडावा कमी मिळतो आणि पुढे कॉम्प्रेसर खराब होतो. परवा एका घरी हे अर्धा तास चालले. मग मामांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि दहा मिनिटे गेजच्या काट्याकडे पाहत राहिले. 'काटा जागेवर राहिला, तरच मी गॅस सोडतो,' असे ते म्हणाले.

मामा चौदा वर्षे एसीचे काम करत आहेत. त्यांच्या पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली सगळ्यांत वर असते, कारण गळती शोधायला तीच आधी लागते.

ते तुमच्याकडे आले आणि पंपाजवळ बसलेले दिसले, तर गेज दाखवायला सांगा. काटा कसा वाचायचा, हे ते समजावून देतील."

पहिल्या दोन वाक्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरचिन्हांपर्यंत लिहिता येते, पण उघडण्यापूर्वी त्यातील साधारण पहिली १२५ चिन्हेच दिसतात. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही वेगवेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर वाटले, तरी मोजणीत ती चार चिन्हे होतात. त्यामुळे मराठीत ही दिसणारी जागा वीस शब्दांच्या आसपासच संपते. तेवढ्यात माणूस आणि प्रश्न, दोन्ही यायला हवेत. कंपनीचे नाव, 'आज आपण ओळख करून घेणार आहोत' अशी प्रस्तावना किंवा अनुभवाची वर्षे यांनी ही जागा भरू नये. गूगलवरील व्यवसायाच्या पानावरील पोस्टची मर्यादा १,५०० चिन्हांची आहे. वरील मजकूर तेथेही तसाच बसतो.

संबोधनाकडे विशेष लक्ष द्यावे. कार्यालयात मालक तंत्रज्ञांना 'आमची पोरं' म्हणतात आणि त्यात जिव्हाळा असतो, पण तोच शब्द कॅप्शनमध्ये आला, की ज्यांच्या घरी ते जाणार आहेत त्यांनाही एकेरीत बोलण्याची मोकळीक मिळते. बावीस वर्षांच्या नव्या तंत्रज्ञाविषयी लिहितानाही 'तो आला' असे न लिहिता 'ते आले' असे लिहावे. टोपणनाव वापरायचे असेल, तर ते बाहेरच्या लोकांनी वापरलेले चालेल का, हे त्यांनाच विचारावे. 'मामा' आवडीने स्वीकारले गेले. आमच्याच एका दुसऱ्या तंत्रज्ञांनी मात्र कार्यालयातील टोपणनाव छापायला नको म्हणून सांगितले.

शेवटच्या ओळीत सवलतीचा आकडा किंवा 'आजच फोन करा' असे लिहिण्याचा आग्रह होईल. तो जमेल तितका टाळावा, कारण एका माणसाविषयी वाचत आलेल्याला तेथे आपली फसगत झाल्यासारखे वाटते. वाचणाऱ्याला प्रत्यक्ष करता येईल अशी, त्या माणसाशी जोडलेली छोटी गोष्ट सांगितली, तर ती अधिक काळ लक्षात राहते.

दोघांकडून पडताळणी

मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी तो दोघांना दाखवावा. पहिले स्वतः तंत्रज्ञ. त्यांना फोनवर पाठवून 'ओके' मागवू नये. शेजारी बसून मोठ्याने वाचून दाखवावे. मामांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. मी 'काटा शून्यावर राहिला' असे लिहिले होते; पंप लावल्यावर काटा शून्याच्या खाली जातो, म्हणून 'जागेवर राहिला' हे बरोबर. तसेच मी 'सगळी ओल निघून जाते' असे लिहिले होते. साध्या काट्याच्या गेजवर ओल किती उरली हे नेमके कळत नाही, त्यासाठी मायक्रॉन मोजणारे वेगळे गेज लागते, म्हणून त्यांनी 'सगळी' हा शब्द काढायला लावला. एसीचे काम जाणणारा एखादा वाचक त्या एका शब्दावरून संपूर्ण मजकुराला खोटे ठरवू शकला असता.

दुसरे सेवा व्यवस्थापक. त्यांना एकच प्रश्न विचारावा: कॅप्शनमध्ये जे लिहिले आहे, ते आपले सगळे तंत्रज्ञ करतात का? काही ठिकाणी नवीन एसी बसवताना पंप न लावता थोडा गॅस सोडून नळ्यांमधील हवा ढकलून काढण्याची जुनी पद्धत अजून वापरली जाते. आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतो, त्यामुळे ती पद्धत अपुरी तर आहेच, शिवाय धोक्याचीही आहे. आपल्याच कंपनीत कोणी तसे करत असेल आणि आपण पंपाविषयी कौतुकाने लिहिले, तर पुढच्या आठवड्यात एखादा ग्राहक विचारणार, "त्या मामांनी लावला होता तो पंप तुम्ही का नाही आणला?" आमच्याकडे हा प्रश्न आधीच विचारल्यामुळे व्यवस्थापकांनी दोन पथकांना पंप मिळाल्यावरच कॅप्शन टाकू दिली. ती आठ दिवस उशिरा गेली.

छायाचित्र

छायाचित्र मजकुरातील क्षणाचेच हवे. आमच्या फोटोत मामा स्टुलावर बसले आहेत, डाव्या हाताला पंप आहे आणि नजर गेजवर आहे. गणवेश घालून कॅमेऱ्याकडे पाहत अंगठा दाखवणारा फोटो घेतला असता, तर खालच्या मजकुराशी त्याचा संबंध राहिला नसता. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावा, आणि काम थांबवून 'पुन्हा एकदा तसेच करा' असे सांगू नये.

फोटो निवडल्यावर तो मोठा करून कोपऱ्यांपासून तपासावा. घराचे दार, नावाची पाटी, मुलांचे फोटो, जॉब शीटवरील फोन क्रमांक, इमारतीचे नाव यांतील काहीही दिसत असेल, तर ते कापावे. घरमालकांना तर फोटो घेण्यापूर्वी आणि टाकण्यापूर्वी असे दोनदा विचारावे. तंत्रज्ञाचा खासगी क्रमांकही कोठे दिसू नये. तो एकदा बाहेर गेला, की लोक रात्री अकरा वाजता त्यांनाच फोन करतात.

सुरक्षेची बाजू यापेक्षाही काटेकोरपणे पाहावी. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर ब्रॅकेटवर वाकून आउटडोअर युनिट जोडणाऱ्या माणसाचा फोटो फार प्रभावी दिसतो. त्यांच्या कमरेला सुरक्षा पट्टा नसेल, तर तो फोटो कंपनीच्या निष्काळजीपणाचा पुरावा आहे. तो प्रसिद्ध करू नये, आणि पट्टा का नव्हता हे त्याच दिवशी व्यवस्थापकांना विचारावे. आपल्या घरांमध्ये आणखी एक गोष्ट होते: तंत्रज्ञ आदराने बूट दाराबाहेर काढतात आणि मग ड्रिल किंवा विजेची जोडणी करताना फोटोत अनवाणी दिसतात. आमच्याकडे आता पेटीत घरात वापरायची रबरी तळव्यांची स्वच्छ चप्पल असते. ती फोटोसाठी सुरू झाली, हे खरे आहे. पण ती आता रोज वापरली जाते.

प्रसिद्ध केल्यानंतर

पोस्ट संध्याकाळी सातनंतर टाकली, तर तंत्रज्ञ स्वतः घरी असतात आणि प्रतिक्रिया आपल्या माणसांसोबत वाचू शकतात. ती कोणत्या कॉलची आहे हे कळू नये म्हणून दोन-तीन दिवस मध्ये जाऊ द्यावेत.

अशा पोस्टखाली तक्रारी येतात. मामांच्या पोस्टखाली तिसरीच प्रतिक्रिया होती, "माझा कॉल चार दिवस पडून आहे." ती पुसू नये. कार्यालयात तक्रारी नोंदवून घेणाऱ्या व्यक्तीने स्वतः उत्तर द्यावे, नोंद क्रमांक खासगी संदेशात मागावा, आणि काम झाल्यावर त्याच ठिकाणी तसे कळवावे. ज्यांचा फोटो आहे, त्या तंत्रज्ञाला या संवादात ओढू नये. चार दिवसांच्या उशिराचे कारण त्यांच्या हातात नसते. कोणी त्यांच्या दिसण्यावर, भाषेवर किंवा जातीवर लिहिले, तर मात्र ती प्रतिक्रिया तत्काळ काढावी आणि त्यांना ती दिसण्यापूर्वी आपण फोन करून सांगावे.

आठवडाभराने मी मामांना विचारले, की घरोघरी काही फरक जाणवतो का. ते म्हणाले, "दोन ठिकाणी गेज बघायला मागितलं. एका आजोबांनी तर स्टूल आणून शेजारी बसून काटा बघितला." ही नोंद मी वहीत त्याच पानाखाली लिहून ठेवली आहे, आणि पुढच्या कॅप्शनसाठी तबकात मगभर पाणी ओतण्याचे ते पहिल्या घरातील दृश्य राखून ठेवले आहे.